शंभर सीसीच्या इंजिनाचा दाब-आकारमान आलेख: फेऱ्याच्या आतल्या जागेतून काम कसं वाचायचं

दाब-आकारमान आलेख डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात सगळेच काढतात. दोन उभ्या रेषा, दोन वाकड्या रेषा, कोपऱ्यांना १, २, ३, ४ असे आकडे आणि खाली वाक्य: 'बंदिस्त क्षेत्रफळ म्हणजे केलेलं काम.' मी गेली बरीच वर्षं हा विषय शिकवते. हे वाक्य पाठ असलेल्या मुलांना मी एकच विचारते, 'मग तुझ्या चित्रात काम किती ज्यूल झालं ते सांग.' बहुतेक जण गप्प होतात, कारण चित्राला मापच नसतं. म्हणून इथे एकच इंजिन घेऊन, आलेखाच्या कागदावर मापात काढून, चौकोन मोजून उत्तर काढू.

इंजिन ओळखीचं घेऊ. मोटारसायकलचं, एका सिलिंडरचं, शंभर सीसीचं. शंभर सीसी म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतो ती. पिस्टन अगदी वर असतानाही त्याच्या डोक्यावर थोडी पोकळी उरते. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला तर ही पोकळी १२.५ सीसी येते, कारण पिस्टन खाली असताना एकूण ११२.५ सीसी आणि वर असताना १२.५ सीसी, म्हणजे बरोबर नऊ पट. बरीच मुलं इथेच चुकतात आणि आलेख ० ते १०० सीसी असा काढतात. पिस्टन वर आला की आकारमान शून्य होत नाही. शून्य झालं असतं तर दाब अमर्याद वाढला असता.

आता कागद घ्या, मिलिमीटरच्या चौकटीचा. आडव्या अक्षावर आकारमान, १ सेंटीमीटर म्हणजे १० सीसी. उभ्या अक्षावर दाब, १ सेंटीमीटर म्हणजे ५०० किलोपास्कल. रेषा ओढायच्या आधीच एक हिशोब करून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: या कागदावरचा एक चौरस सेंटीमीटर म्हणजे किती काम? १० सीसी गुणिले ५०० किलोपास्कल, म्हणजे ५०००. किलोपास्कल आणि सीसी यांच्या गुणाकाराला हजाराने भागलं की ज्यूल मिळतात. म्हणजे एक चौरस सेंटीमीटर म्हणजे ५ ज्यूल. हा आकडा लिहिला नाही तर पुढे तुम्ही फक्त चौकोन मोजत बसाल, काम हाती येणार नाही.

क्षेत्रफळाचं काम का होतं, हे इथेच बघून घेऊ. पिस्टनच्या डोक्यावर वायूचा दाब असतो. दाबाला डोक्याच्या क्षेत्रफळाने गुणलं की पिस्टनवरचं बल मिळतं. पिस्टन जरासा सरकला की बल गुणिले सरकलेलं अंतर म्हणजे काम. पण डोक्याचं क्षेत्रफळ गुणिले अंतर म्हणजेच वाढलेलं आकारमान. म्हणून काम म्हणजे दाब गुणिले आकारमानातला बदल. आलेखावर ही एक बारीक उभी पट्टी दिसते, तिची उंची दाबाइतकी आणि रुंदी आकारमानातल्या बदलाइतकी. अशा पट्ट्या एकाशेजारी एक लावत गेलं की रेषेखालची सगळी जागा भरते.

आता पहिली रेषा. पिस्टन खाली आहे, सिलिंडर हवा-पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेला आहे, दाब १०० किलोपास्कल, म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका, आणि तापमान ३०० केल्विन. झडपा बंद. पिस्टन वर चढायला लागतो. तीन हजार आरपीएमवर हा प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. एवढ्याशा वेळात भिंतीतून फारशी उष्णता बाहेर जात नाही, म्हणून हे दाबणं ॲडियाबॅटिक धरतात. त्याचा नियम असा: दाब गुणिले आकारमानाचा १.४ वा घात हे कायम राहतं.

घाताचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. आकारमान निम्मं केलं की दाब २.६४ पट होतो, एवढंच लक्षात ठेवलं तरी निम्म्याहून जास्त बिंदू हाताने मिळतात. १०० सीसीला दाब ११८ आहे, तर ५० ला ३११, २५ ला ८२१, १२.५ ला २१६७ किलोपास्कल. तसंच ७५ ला १७६ तर ३७.५ ला ४६६. मधले १५ आणि २० सीसीचे बिंदू कॅल्क्युलेटरने काढा. कुणाचीही काढलेली रेषा तपासायलाही हीच युक्ती वापरा. कुठेही बोट ठेवा, आकारमान निम्मं असलेल्या जागेचा दाब बघा, अडीच पटीहून थोडा जास्त नसेल तर रेषा अंदाजाने वाकवलेली आहे.

मग ठिणगी. आदर्श चक्रात पिस्टन वरच्या टोकाला जणू थबकलेला असतो आणि तेवढ्यात मिश्रण जळून दाब एकदम वर जातो. आपल्या उदाहरणात तो तिप्पट होतो असं धरू: २१६७ वरून ६५०० किलोपास्कल. तापमान ७२२ केल्विनवरून २१६७ केल्विन. आलेखावर ही सरळ उभी रेषा, १२.५ सीसीवर. त्यानंतर पिस्टन खाली ढकलला जातो. हे पसरणंही ॲडियाबॅटिक, नियम तोच, सुरुवात तिप्पट दाबावरून. त्यामुळे परतीच्या वाटेवरचा प्रत्येक बिंदू पहिल्या रेषेच्या बरोबर तिप्पट उंच येतो. खालच्या टोकाला दाब ३०० उरतो, एक्झॉस्टची झडप उघडते आणि तो १०० वर उतरतो. ही दुसरी उभी रेषा, ११२.५ सीसीवर. फेरा पूर्ण झाला.

| आकारमान (सीसी) | पिस्टन वर जाताना दाब (किलोपास्कल) | पिस्टन खाली येताना दाब (किलोपास्कल) | दोहोंतलं अंतर |
|---|---|---|---|
| १२.५ | २१६७ | ६५०२ | ४३३५ |
| १५ | १६७९ | ५०३७ | ३३५८ |
| २० | ११२२ | ३३६७ | २२४५ |
| २५ | ८२१ | २४६४ | १६४३ |
| ३७.५ | ४६६ | १३९७ | ९३१ |
| ५० | ३११ | ९३४ | ६२२ |
| ७५ | १७६ | ५२९ | ३५३ |
| १०० | ११८ | ३५४ | २३६ |
| ११२.५ | १०० | ३०० | २०० |

हे बिंदू मांडून हलक्या हाताने जोडा. चित्र पुस्तकातल्यापेक्षा वेगळं दिसेल. पुस्तकात फेरा छान गुबगुबीत असतो. इथे डावीकडे १३ सेंटीमीटर उंच सुळका आणि उजवीकडे जेमतेम ४ मिलिमीटर जाडीची शेपटी मिळेल. मापात काढलेलं चित्र असंच असतं.

आता वाचन. आधी फक्त वरची रेषा घ्या आणि तिच्याखालची, थेट आडव्या अक्षापर्यंतची सगळी जागा बघा. पिस्टन खाली जाताना वायूने त्याच्यावर केलेलं ते काम. मग खालच्या रेषेखालची जागा बघा. मिश्रण दाबताना पिस्टनला वायूवर करावं लागलेलं ते काम. ही ऊर्जा फ्लायव्हीलने आधीच्या फेऱ्यातून राखून ठेवलेली असते. पहिल्यातून दुसरं वजा केलं की दोन रेषांच्या मधली जागा उरते. 'बंदिस्त क्षेत्रफळ' म्हणजे ही वजाबाकी. पाठ केलेल्या वाक्यात वजाबाकी दिसत नाही, आणि मुलं अडतात ती नेमकी तिथेच.

उभ्या रेषांखाली जागाच नसते, कारण आकारमान बदलत नाही. म्हणजे आदर्श चक्रात पेट्रोल जळत असताना एक ज्यूलही काम होत नाही. जळण्यामुळे फक्त परतीची वाट उंचावते. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी स्वतः बराच वेळ तो कागद बघत बसले होते. जळलंच नाही, तर पिस्टन चढला त्याच रेषेवरून खाली उतरतो, मिळालेलं आणि दिलेलं सारखंच होतं, आणि फेऱ्याच्या आत काहीच उरत नाही.

दिशाही इथूनच कळते. आकारमान वाढताना वरची वाट आणि कमी होताना खालची वाट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरा: इंजिन. उलट दिशेने गेलात तर क्षेत्रफळ तेवढंच, पण ते बाहेरून घालावं लागणारं काम. फ्रिजच्या वायूचा फेरा असा उलटा असतो. म्हणून रेषांवर बाण काढायला विसरू नका. बाण नसलेल्या फेऱ्याचं काम अधिक की उणे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता प्रत्यक्ष मोजू. चौकोन मोजायचे तर डावीकडच्या सुळक्यात अर्धवट चौकोन फार येतात, म्हणून मी पट्ट्यांची रीत पसंत करते. तक्त्यातला शेवटचा रकाना घ्या. दोन शेजारच्या अंतरांची सरासरी गुणिले त्यांच्यामधली रुंदी म्हणजे एक पट्टी. उदाहरणार्थ २० ते २५ सीसी: २२४५ आणि १६४३ यांची सरासरी १९४४, गुणिले ५ म्हणजे ९७२०, म्हणजे ९.७ ज्यूल. तशा आठही पट्ट्यांची बेरीज ८१.४ ज्यूल येते.

सूत्राने तपासू. ॲडियाबॅटिक रेषेखालचं काम असं मिळतं:

```
W = (p2·V2 − p1·V1) / 0.4
```

दाबण्याच्या रेषेसाठी २१६७ गुणिले १२.५ म्हणजे सुमारे २७,०९०. त्यातून १०० गुणिले ११२.५, म्हणजे ११,२५० वजा केले की १५,८४०. भागिले ०.४ केलं की ३९,६००, म्हणजे ३९.६ ज्यूल. पसरण्याची रेषा सगळीकडे तिप्पट, म्हणून तिच्याखाली ११८.८ ज्यूल. वजाबाकी ७९.२ ज्यूल. कागदावर हे १५.८ चौरस सेंटीमीटर भरतात. आठ किलो तांदळाची पिशवी जमिनीवरून मीटरभर उंच ओट्यावर ठेवायला साधारण एवढंच काम लागतं.

पट्ट्यांनी ८१.४ दिले आणि सूत्राने ७९.२. हा फरक माझ्या बेरजेचा नाही. रेषा आत वाकलेली आहे आणि पट्टीचं वरचं टोक आपण सरळ धरतो, त्यामुळे प्रत्येक पट्टीत थोडी जागा जास्त मोजली जाते. जिथे रेषा जास्त वाकते तिथे चूक जास्त. म्हणूनच मी डावीकडे पट्ट्या अरुंद घेतल्या. १२.५ ते २५ सीसीची एकच रुंद पट्टी घेऊन बघा: ३७.४ ज्यूल येतात, खरे आहेत ३२.८. उजवीकडच्या शेपटीत मात्र पंचवीस-पंचवीस सीसीची पट्टी घेऊनही फारसं बिघडत नाही.

हीच चूक टोकाला गेलेली दर परीक्षेत दिसते. चार कोपरे मांडायचे, सरळ रेषांनी जोडायचे आणि चौकोनाचं क्षेत्रफळ काढायचं. आपल्या आकड्यांनी ते २२७ ज्यूल येतं. चूक आहे हे कसं ओळखायचं? जळण्यातून मिळालेली उष्णता मोजा. आपल्या सिलिंडरातल्या वायूचं तापमान एक अंशाने वाढवायला, आकारमान कायम ठेवून, सुमारे ०.०९४ ज्यूल लागतात. तापमान वाढलं १४४५ अंश, म्हणजे उष्णता आली १३५.५ ज्यूल. आत आलेल्या उष्णतेपेक्षा जास्त काम बाहेर काढणारं चक्र असूच शकत नाही, म्हणजे २२७ हा आकडा तिथेच बाद. ७९.२ ला १३५.५ ने भागलं तर ५८ टक्के येतात, आणि कॉम्प्रेशन रेशो ९ च्या आदर्श ऑटो चक्राची कार्यक्षमता सूत्राने तेवढीच मिळते. उरलेले ५६.३ ज्यूल एक्झॉस्टबरोबर बाहेर गेले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि मी ती प्रत्येक उदाहरणाला करायला लावते.

आणखी एक गोंधळ गेजच्या दाबाचा. टायरवाल्याचा गेज हवेचा दाब शून्य धरून मोजतो. आलेखात कोणता दाब घ्यायचा? बंद फेऱ्याचं क्षेत्रफळ काढायला कोणताही चालतो, कारण सगळ्या बिंदूंतून १०० वजा केले तर फेरा जसाच्या तसा खाली सरकतो, आतली जागा बदलत नाही. पण रेषेचे बिंदू काढताना मात्र निरपेक्ष दाबच हवा. गेजने सुरुवातीचा दाब शून्य धरला तर शून्याची कितीही पट शून्यच राहील आणि दाबण्याची रेषा अक्षावर आडवी झोपेल.

फेऱ्याची उंची एकदम कळावी म्हणून इंजिनिअर आणखी एक गोष्ट करतात. ७९.२ ज्यूलला १०० सीसीने भागतात. येतात ७९२ किलोपास्कल. याला मीन इफेक्टिव्ह प्रेशर म्हणतात: खाली येताना पिस्टनवर सतत एवढाच दाब असता आणि वर जाताना काहीच नसता, तरी काम तेवढंच झालं असतं. कागदावर हा १० सेंटीमीटर रुंद आणि १.६ सेंटीमीटर उंच आयत. १३ सेंटीमीटरच्या सुळक्याशेजारी तो काढून बघा. सुळका नजरेत भरतो, पण त्याची रुंदी इतकी कमी की सरासरी जेमतेम आठव्या भागावर येते. छोट्या-मोठ्या इंजिनांची तुलना करायला हा आकडा बरा, कारण त्यात इंजिनाचा आकार येत नाही.

हे सगळं कागदावरच्या हिशोबापुरतं नाही. जेम्स वॅटचा सहायक जॉन सदर्न याने १७९६ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाकडूनच हा आलेख काढून घ्यायची सोय केली. सिलिंडरला जोडलेला एक छोटा दट्ट्या स्प्रिंगविरुद्ध वर-खाली होई आणि पेन्सिल हलवी. कागद मात्र इंजिनाच्या पिस्टनबरोबर मागेपुढे सरके. पेन्सिल दाब दाखवी, कागद आकारमान, आणि प्रत्येक फेऱ्याला बंद आकृती उमटे. वॅटच्या कंपनीने ही युक्ती बराच काळ बाहेर कळू दिली नाही. फ्रेंच इंजिनिअर क्लापेरोंने उष्णतेच्या इंजिनांबद्दलच्या कार्नोच्या विचारांना असाच आलेख दिला तो त्यानंतर, १८३४ साली. म्हणजे वर्कशॉप आधी, सिद्धान्ताचं पुस्तक नंतर. जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर आजही असा आलेख, म्हणजे इंडिकेटर कार्ड, घेतात आणि मर्चंट नेव्हीत गेलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं.

खऱ्या इंजिनाचं कार्ड आपल्या चित्राशेजारी ठेवलं तर कोपरे गोल दिसतात. जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकतात आणि उभी रेषा तिरकी, बोथट होते. एक्झॉस्टची झडप पिस्टन तळाला पोचायच्या आधी उघडते, म्हणून खालचा उजवा कोपराही कापला जातो. भिंतीतून उष्णता जाते आणि परतीची रेषा आपल्या रेषेखाली येते. गोल झालेल्या प्रत्येक कोपऱ्यात गेलेली जागा म्हणजे गेलेले ज्यूल. शिवाय कार्डावरचं काम पिस्टनच्या डोक्यावरचं असतं. रिंगा, बेअरिंग आणि पंप यांचं घर्षण त्यातून वजा झाल्यावर उरतं ते क्रँकशाफ्टला मिळतं. आपल्या ७९ ज्यूलचा तीन हजार आरपीएमवर हिशोब केला तर चार स्ट्रोकच्या इंजिनात सेकंदाला २५ फेरे, म्हणजे जवळपास दोन किलोवॅट. चाकाला त्याहून कमीच पोचतात.

आणि एक गोष्ट आपल्या चित्रात अजिबातच नाही. चार स्ट्रोकपैकी दोन आपण सोडूनच दिले: धूर बाहेर ढकलणं आणि नवं मिश्रण आत ओढणं. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर दोन्ही साधारण हवेच्या दाबालाच होतात आणि रेषा एकमेकींवर पडतात. पण ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडा असताना आत ओढतानाचा दाब ५० किलोपास्कलपर्यंत उतरतो, बाहेर ढकलताना मात्र १०० च राहतो. खाली एक दुसरा चपटा फेरा तयार होतो, काट्यांच्या उलट दिशेने फिरणारा. ५० किलोपास्कल गुणिले १०० सीसी म्हणजे ५ ज्यूल, इंजिनाने फक्त श्वास घेण्यावर घालवलेले. सुरुवातीचा दाब निम्मा झाल्यामुळे वरचा मोठा फेराही निम्म्यावर, चाळीस ज्यूलच्या आसपास आलेला असतो. म्हणजे आठवा हिस्सा तिथेच गेला. आपल्या कागदावर हा फेरा १० सेंटीमीटर लांब आणि फक्त १ मिलिमीटर उंच, पेन्सिलच्या रेघेत हरवून जाईल इतका. म्हणून जुने इंजिनिअर इंडिकेटरमध्ये हलकी स्प्रिंग घालून त्याचं वेगळं कार्ड घेत. तुम्हीही तो वेगळ्या कागदावर काढा, १ सेंटीमीटरला ५० किलोपास्कल असं माप घेऊन. त्या कागदावर एक चौरस सेंटीमीटर म्हणजे अर्धा ज्यूल, हे मात्र कोपऱ्यात नव्याने लिहा.